हिरव्या पडद्यामागची वजाबाकी

हिरव्या कापडासमोर चित्रीकरण करून मागची पार्श्वभूमी नंतर काढून टाकायची, ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. सुरुवातीला तिचा रंगही हिरवा नव्हता, निळा होता. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’साठी लॅरी बटलर यांनी रंगीत फिल्मवर निळा पडदा वापरला आणि प्रयोगशाळेत रंगांच्या वेगवेगळ्या प्रतींमधून माणसाची सावलीसारखी काळी आकृती, म्हणजे मॅट, काढली. मात्र या पद्धतीत माणसाच्या कडेने निळसर रेघ राहायची. धूर, काच, सुटे केस हे अर्धपारदर्शक भाग तर नीट उतरतच नसत.

तो प्रश्न पेट्रो व्लाहोस यांनी सोडवला. १९५९ च्या ‘बेन-हर’मध्ये वापरलेल्या त्यांच्या पद्धतीचं सार एवढंच की, एखादा ठिपका निळा आहे का असं विचारायचं नाही, त्यात निळा इतर रंगांपेक्षा किती जास्त आहे ते मोजायचं. उत्तर हो-नाही न येता प्रमाणात येतं. रंगावरून पार्श्वभूमी वेगळी काढण्याला कीइंग म्हणतात आणि आजची त्याची बहुतेक साधनं याच विचारावर उभी आहेत.

रंग बदलला तो डिजिटल कॅमेऱ्यांमुळे. बहुतेक सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्यात दाणे कमी आणि तपशील जास्त. हिरव्या कापडाला प्रकाशही कमी लागतो. त्याची किंमत स्पिलच्या रूपात मोजावी लागते, कारण उजळ कापड आपला रंग माणसावर अधिक फेकतं.

ही वजाबाकी आकड्यांत पाहिली की प्रकाशयोजनेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. समजा कापडावर लाल ४०, हिरवा १६० आणि निळा ५० आहे. हिरव्यातून उरलेल्या दोनांपैकी मोठा आकडा वजा केला की ११० उरतात, म्हणजे पूर्ण पारदर्शक. चेहऱ्यावर २००, १५०, १२० असतील तर फरक शून्याखाली जातो, म्हणून चेहरा पूर्ण अपारदर्शक. आता अर्धा ठिपका व्यापणारी एक बट घ्या. केसांचा रंग ४०, ३०, २५ असेल, तर कापडाशी मिसळून त्या ठिपक्यात साधारण ४०, ९५, ३८ येतील. फरक ५५, म्हणजे ११० च्या बरोबर निम्मा. बट अर्धी पारदर्शक ठरते, आणि तिने तसंच ठरायला हवं.

आता पडद्याच्या एका कोपऱ्यात दिवा कमी पडलाय असं धरा. तिथे २५, १००, ३० आहेत, फरक ७०. हा कोपरा पूर्ण जात नाही, मागे हिरवट काजळी राहते. ती घालवायला सॉफ्टवेअरमधली पूर्ण पारदर्शकतेची मर्यादा ११० वरून ७० वर आणली की कोपरा स्वच्छ होतो, पण तीच बट आता ५५ भागिले ७०, म्हणजे जवळजवळ ८० टक्के पारदर्शक होते. केस कापल्यासारखे दिसतात. संकलनाला बसल्यावर हा दोष सॉफ्टवेअरचा वाटतो, खरं तर तो सेटवरच्या एका दिव्याचा असतो. म्हणून कापडाला दोन्ही बाजूंनी वेगळे, मऊ केलेले दिवे द्यावेत, सुरकुत्या ताणून काढाव्यात आणि वेव्हफॉर्मवर, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, पाहावं. कापडाची रेघ बारीक आणि आडवी दिसली तर प्रकाश सम आहे. ती जाड पट्ट्यासारखी पसरली तर नाही.

स्पिलचंही असंच. गालाच्या सावलीकडच्या बाजूवर कापडाचा प्रकाश पडून १२०, १३०, ९० झाले, तर फरक १० येतो आणि गालात सुमारे ९ टक्के भोक पडतं. उपाय व्लाहोस यांच्याच विचारातला: हिरव्याला उरलेल्या दोनांपैकी मोठ्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, इथे १३० चे १२० करायचे. हिरवट झाक जाते, पण हिरव्या प्रकाशामुळे बदललेली उजळ-गडद घडण परत येत नाही. म्हणून माणूस कापडापासून शक्यतो तीन मीटर पुढे उभा करावा आणि कापड चेहऱ्याच्या मुख्य प्रकाशाइतकं किंवा त्याहून थोडं कमीच उजळ ठेवावं. कापड जितकं झगझगीत तितकं कीइंग स्वच्छ, हा समज अनेक चित्रणं बिघडवतो.

मागून केसांवर गुलाबी दिवा टाकून हिरवा मारण्याची पद्धतही आहे. मला ती पटत नाही. नवी पार्श्वभूमी आली की ती गुलाबी कड तशीच राहते. साधा पांढरा पाठप्रकाश बटा कापडापासून सोडवतो आणि पुढे रंग जुळवायला जागा ठेवतो. डोक्यापासून पायापर्यंतच्या चित्रात मात्र माणूस हिरव्या जमिनीवरच उभा असतो. अंतर ठेवता येत नाही, बुटांच्या कडेला आणि हनुवटीखाली हिरवा येणारच, तिथे हाताने काम करावं लागतं.