दावा कोर्टात आहे, मग पैसे बाजूला कशाला? तरतूद आणि संभाव्य देणे यांतला फरक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांकडे ताळेबंदाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "केस कोर्टात आहे की हो, निकाल लागल्यावर बघू." या वाक्यामागचा समज असा की जो दावा आपण लढतोय तो संभाव्य देणं, म्हणजे कंटिंजंट लायबिलिटी, आणि जो मान्य केलाय त्याचीच तरतूद, म्हणजे प्रोव्हिजन. लेखामानक २९ असं कुठेही म्हणत नाही. दावा लढणं ही मालकाची इच्छा झाली. देणं लागेल की नाही हा प्रश्न वेगळा आहे.

दोन्हींतला खरा फरक असा. पूर्वी घडलेल्या एखाद्या गोष्टीमुळे आज आपल्यावर बंधन आलंय, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येतोय, असं असेल तर तरतूद करायची. ती नफ्यातून वजा होते. यातली एखादी अट पुरी होत नसेल तर ते संभाव्य देणं. ते ताळेबंदाच्या टिपांमध्ये लिहायचं, नफ्याला हात लागत नाही. शक्यता अगदीच दुरापास्त असेल तर टीपसुद्धा लागत नाही. मालकांना टीप का आवडते हे सांगायला नकोच. बँक कर्जाची मर्यादा ठरवताना नफा बघते.

शक्यता किती हे ठरवायला ऑडिटरला वकिलांचं पत्र लागतं, आणि गोंधळ इथूनच वाढतो. उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण असे खटले आपल्या भागात नवे नाहीत.

बेळगावच्या एका फौंड्रीने कोल्हापूरच्या पंप कारखान्याला ६०० कास्टिंग दिली, नग १,५०० रुपयांना. मशीनिंग करताना ओतकामातल्या पोकळ जागा, म्हणजे ब्लोहोल, दिसले. गिऱ्हाइकाने दावा लावला : मालाची किंमत ९ लाख, नगामागे ५०० रुपयांप्रमाणे वाया गेलेलं मशीनिंग ३ लाख, उत्पादन थांबल्याची भरपाई १२ लाख. एकूण २४ लाख, वर १८ टक्के व्याज. फौंड्रीने ३१ मार्च २०२५ च्या टिपांमध्ये २४ लाख संभाव्य देणं लिहिलं आणि तरतूद शून्य ठेवली.

वकिलांकडून दोन ओळींचं उत्तर आलं : "दावा प्रलंबित आहे. आमच्या मते अशिलाची बाजू भक्कम आहे." ते मालकांनी स्वतः बंद पाकिटातून आणून दिलं. यात दोन चुका आहेत. पहिली पाकिटाची. वकिलांना विचारणारं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीच्या सहीने निघतं, कारण वकील-अशील गोपनीयतेमुळे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली, अशिलाच्या संमतीशिवाय वकील बोलू शकत नाहीत. पण टाकायचं ऑडिटरने आणि उत्तरही थेट ऑडिटरकडे यायचं. अंकेक्षण मानक ५०१ चा भर यावरच आहे. मधल्या हातातून आलेल्या पत्राचं वजन कमी होतं.

दुसरी चूक प्रश्नातच होती. "आमच्या केसेसची माहिती द्या" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. मानकाला हे सर्वसाधारण विचारणापत्र चालतं, पण त्याने भागत नसेल तर नेमकं विचारणापत्र पाठवायचं. त्यात कंपनी आपणहून खटल्यांची यादी देते, प्रत्येकाचा निकाल काय लागेल आणि किती पैसे जातील याचा स्वतःचा अंदाज लिहिते, आणि वकिलांना विचारते : हा अंदाज वाजवी वाटतो का? यादीत काही राहिलंय का? तडजोडीचा प्रस्ताव गेलाय का? अंदाज कंपनीनेच बांधायचा. वकिलांनी तो फक्त तपासायचा. "भक्कम" या शब्दाचं रुपयांत भाषांतर करणं हे वकिलांचं काम नाही, आणि ते त्यांच्यावर ढकलणं मला बरोबर वाटत नाही.

दुसऱ्या पत्राला आलेल्या उत्तरात तीन गोष्टी निघाल्या. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा तपासणी अहवाल आहे आणि त्यात २४० नगांचे ब्लोहोल मान्य केलेत. खरेदी ऑर्डरमध्ये अट आहे की नाकारलेल्या नगाचं मशीनिंग पुरवठादाराच्या माथी. आणि त्याच ऑर्डरमध्ये उत्पादन थांबल्याची भरपाई मागता येणार नाही असंही लिहिलंय.

आता २४ लाखांचे तुकडे पडतात. २४० नगांची किंमत ३.६० लाख आणि त्यांचं मशीनिंग १.२० लाख, मिळून ४.८० लाख. इथे मालकांची सही आहे, त्यामुळे पैसे जाण्याची शक्यता अर्ध्याच्या वर आहे. ही तरतूद. कोर्ट साधारण ९ टक्के व्याज लावेल असं वकिलांना वाटतं, म्हणून दाव्यानंतरच्या १५ महिन्यांचे ५४ हजार धरून तरतूद ५.३४ लाख. उरलेल्या ३६० नगांचा दोष सिद्ध झालेला नाही. त्यांचे ७.२० लाख संभाव्य देणं. भरपाईच्या १२ लाखांबद्दल वकील म्हणतात "जवळपास अशक्य". अट स्पष्ट आहे आणि करार कायद्याचं कलम ७३ सुद्धा दूरच्या नुकसानीची भरपाई देत नाही. तरी मी ती रक्कम टिपेत ठेवेन. "दुरापास्त" ही फार वरची पायरी आहे, आणि टीप लिहिल्याने कुणाचं काही जात नाही. म्हणजे टिपेत १९.२० लाख, अधिक त्यावर मागितलेलं व्याज.

मालक म्हणाले, "तरतूद केली तर हे कागद समोरच्या वकिलाच्या हाती लागतील." भीती खोटी नाही. लेखामानक २९ अगदी क्वचित, बाजूला गंभीर धक्का बसणार असेल तर, तपशील न छापण्याची मुभा देतं. मात्र मुभा तपशिलापुरती, तरतुदीपुरती नाही.

यादी पुरी आहे का हे पत्रावरून कळत नाही. ज्या वकिलाला पत्र गेलंच नाही तो उत्तर कशाचं देणार? म्हणून मी आधी कायदेशीर खर्चाचं खातं उघडतो. फी गेलीय पण यादीत नाव नाही, असा वकील सापडला की केसही सापडते. सीमाभागात आणखी एक अडचण आहे. एक दावा कोल्हापुरात मराठीत चालतो, दुसरा बेळगावच्या कोर्टात कन्नडमध्ये, अपील धारवाडच्या खंडपीठात. कन्नड नोटीस वाचून घ्यायची राहते आणि ड्रॉवरमध्येच पडून राहते. ई-कोर्ट्सवर शोधतानाही कंपनीचं नाव दोन-तीन स्पेलिंगने टाकावं लागतं.

कंपनीने वकिलांशी बोलूच दिलं नाही, किंवा वकिलांनी उत्तर नाकारलं, आणि दुसऱ्या मार्गानेही पुरावा मिळाला नाही, तर ऑडिट अहवालातलं मत बदलावं लागतं. तिथपर्यंत क्वचितच जातं. बहुतेक वेळा घोळ होतो तो तारखेत. वकिलांचं उत्तर मे महिन्याचं, संचालकांची आणि ऑडिटरची सही ५ सप्टेंबरची. मधल्या चार महिन्यांत काय झालं? समजा ऑगस्टमध्ये ६.९० लाखांचा हुकूमनामा झाला. दोष मार्चच्या आधीचा, निकालाने फक्त त्याचा आकडा सांगितला. म्हणून लेखामानक ४ प्रमाणे मार्च २०२५ च्याच ताळेबंदात तरतूद ५.३४ वरून ६.९० लाखांवर न्यावी लागेल. सहीच्या आठवड्यात वकिलांकडून ताजी ओळ मागवली नसेल, तर हा हुकूमनामा ऑडिटरला पुढच्या वर्षीच दिसतो.