गच्चीचं काम झालेल्या आमच्या ग्राहकांसाठी: दोन ओळींचा रिव्ह्यू हवाय

नमस्कार मंडळी,

आमची वेबसाइट तयार झालीये, फोटो टाकून झालेत, आता त्यावर तुमचे शब्द हवेत. मुद्दाम पावसाळा संपायची वाट बघितली, कारण वॉटरप्रूफिंग करून आठवड्यात कुणी "मस्त काम" म्हटलं तर त्याला काय अर्थ आहे, पाणी भरून ठेवायची टेस्ट आम्ही करतोच पण खरी परीक्षा जुलै-ऑगस्टच्या झडीतच होते. त्यामुळे ज्यांच्या गच्चीने निदान एक पूर्ण पावसाळा काढलाय त्यांनाच हा मेल पाठवतोय.

लिहायचं काय, असं बरेच जण विचारतात. "सर्व्हिस छान, माणसं चांगली" वाचून बरं वाटतं हो, पण ज्याच्या छतातून पाणी टपकतंय त्याला त्यातून काही कळत नाही. त्याला हे कळायला हवं की बिल्डिंग किती जुनी, गळत कुठून होतं, काय केलं आणि पावसात काय झालं. नमुना म्हणून आम्हीच एक रचलाय, कॉपी करू नका: "वीस वर्षं जुनी बिल्डिंग, वरच्या मजल्यावर बेडरूमच्या कोपऱ्यात ओल यायची. जुना कोबा न फोडता भेगा भरल्या, पॅरापेटच्या कडेला गोलाई करून वर कोटिंगचे दोन हात दिले. यंदा कोपरा कोरडा राहिला, पाइपाच्या तोंडाशी थोडी ओल दिसली ती येऊन नीट करून गेले." बास, एवढंच. त्यातल्या पाइपाच्या वाक्यासारखं काही तुमच्याकडे झालं असेल तर ते गाळू नका बरं का, वाचणाऱ्याचा विश्वास त्याच्यामुळेच बसतो.

सोसायटीचं काम असेल तर सेक्रेटरींपेक्षा वरच्या मजल्यावाल्यांनी लिहिलेलं बरं, पोपडे त्यांच्याच डोक्यावर पडत होते ना.

रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट किंवा गिफ्ट काही नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आलेलं भारतीय मानक आहे, IS 19000, त्यातही विकत घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत असंच आहे, आणि ते नसतं तरी आम्ही दिलं नसतं. तुमच्या मजकुरातलं फक्त शुद्धलेखन बघू, काही कापायचं झालं तर आधी तुम्हाला दाखवू. खाली नाव पूर्ण छापायचं, नुसतं पहिलं, की फक्त एरिया, ते तुम्ही सांगा, फ्लॅट नंबर आणि फोन आम्ही टाकतच नाही, आणि पुढे कधी काढून टाकावंसं वाटलं तर एक मेल करा, काढू.

ह्याच मेलला रिप्लाय करा, मराठीतच लिहा, मोबाइलवरून टाइप केलेलं चालेल. छताचा आत्ताचा फोटो असेल तर तोही जोडा. आणि अजून गळत असेल तर रिव्ह्यू राहू द्या, आधी फोन करा, माणूस पाठवतो.