मावशीच्या तोंडातला सेहेचाळीस नंबरचा दात

गंगाखेडच्या माझ्या मावशीने परभणीच्या दवाखान्यात दात दाखवले. तिथे मिळालेल्या खर्चाच्या कागदाचा फोटो काढून तिने तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि लगेच फोन केला. "अगं, माणसाच्या तोंडात दात बत्तीस. अन् ह्याच्यात सेहेचाळीस नंबरचा दात लिवलाय. दुसऱ्याचाच कागद दिला की काय मला?"

मी अंबाजोगाईत दातांचा दवाखाना चालवते, आणि हा प्रश्न मला महिन्यातून चार-दोनदा तरी येतो. माणसं हुशार असतात, हिशेबाला पक्की असतात. पण या कागदावरच्या आकड्यांची रीत त्यांना कुणी सांगितलेलीच नसते.

४६ म्हणजे सेहेचाळीस नव्हे. तो वाचायचा 'चार-सहा' असा. पहिला अंक तोंडाचा कोपरा सांगतो आणि दुसरा अंक मधोमधच्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. कोपरे चार: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४. प्रत्येक कोपऱ्यात समोरच्या दातापासून मागे मोजत गेलं की १ आणि २ हे पुढचे दात, ३ हा सुळा, ४ आणि ५ या उपदाढा, ६ आणि ७ या दाढा, आणि शेवटी ८ ही अक्कलदाढ. म्हणून ४६ म्हणजे खाली उजवीकडची सहावी, पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी कोपऱ्यांचे अंक ५ ते ८ असतात. नातवाच्या कागदावर ७५ दिसला तर तो खालच्या डाव्या बाजूचा दुधाचा पाचवा दात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभरातल्या दंतवैद्यांच्या महासंघाने, म्हणजे एफडीआयने स्वीकारली, आणि आपल्याकडेही बहुतेक तीच चालते. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सरळ मोजतात. तिथल्या कागदावर मावशीची हीच दाढ ३० नंबरची झाली असती.

काही डॉक्टर अजूनही अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा ओढून एका कोपऱ्यात नुसता ६ लिहितात. तिथे रेघा हाच पत्ता असतो. फोटोत रेघ पुसट आली तर नुसत्या सहावरून चारपैकी कुठली दाढ ते कळायला मार्गच उरत नाही.

मावशीची दुसरी शंका जास्त महत्त्वाची होती. "दुखायलीय माझी उजवी दाढ. अन् चित्रात गोल केलाय डाव्या हाताला." कागदावर छापलेलं दातांचं चित्र समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहावं तसं काढलेलं असतं. त्यामुळे पेशंटची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते. मावशीच्या चित्रातला गोल डावीकडे खाली होता आणि आकडाही चारने सुरू होत होता. म्हणजे दाढ तिची उजवीच, बरोबर. कुणीही आपल्या कागदावर पहिल्यांदा हेच ताडून बघावं: दुखणाऱ्या दातावर बोट ठेवायचं, कोपरा ठरवायचा, मधल्या रेषेपासून मोजायचं आणि आकडा जुळतो का बघायचं. मोजताना एक अडचण येते. पडलेल्या दाताचा नंबर त्याच्यासोबत जात नाही, जागा रिकामी राहिली तरी ती मोजायची असते. मावशीची डावीकडची खालची सहावी दाढ सात-आठ वर्षांपूर्वी काढलेली आहे. तिथे जीभ फिरवून तिने पाचवीनंतर थेट पुढच्या दाढेला सहावी म्हटलं. खरं तर ती ३७ आहे.

या सहाव्या दाढा सगळ्यात आधी किडतात याला कारण आहे. त्या साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, सगळ्यात मागे उगवतात. आईवडिलांना वाटतं दुधाचीच दाढ आहे, पडेल. ती पडत नसते, ती जन्मभराची असते. ३६ आणि ४६ हे आकडे खर्चाच्या कागदांवर सारखे दिसतात ते त्यामुळेच.

आता पैशाच्या ओळी. ४६ पुढे तीन ओळी होत्या: आरसीटी ३,५०० रुपये, कोअर ८०० आणि पीएफएम क्राऊन ३,५००. "एकाच दाढेचे तीनदा पैसे?" असं मावशीचं म्हणणं. ही तीन वेगळी कामं आहेत. आरसीटीमध्ये दाढेला वरून छिद्र पाडून आतली सडलेली नस काढतात, मुळांतल्या नळ्या बारीक कानशींनी साफ करून भरतात. खालच्या सहाव्या दाढेत अशा नळ्या बहुधा तीन असतात, कधी चार. पण वरचं छिद्र आणि किडीने खाल्लेली भिंत तशीच राहते. ती मसाल्याने भरून दाढ पुन्हा उभी करणं म्हणजे कोअर. आणि अशी पोकळ झालेली दाढ ज्वारीची कडक भाकरी चावताना उभी चिरू शकते, म्हणून तिच्यावर टोपी घालतात, तो क्राऊन. पीएफएम म्हणजे आत धातू आणि वर चिनीमातीसारखा थर. तिथे झिरकोनिया लिहिलं असतं तर आकडा बराच वाढला असता. मला तर उलट काळजी वाटते ती मागच्या दाढेपुढे नुसतं आरसीटी लिहिलेल्या कागदाची. टोपीचा खर्च पुढे येणारच असतो, फक्त तो आज दिसत नाही. टोपी त्यात धरली आहे का, हे तिथेच विचारावं.

मग ३५-३६-३७, ब्रिज, १०,५०० रुपये. पडलेली दाढ एक, पैसे तिनाचे. ब्रिज म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन टोप्या. मधली ३६ च्या रिकाम्या जागी लटकते आणि तिचा भार ३५ आणि ३७ पेलतात. त्यासाठी हे दोन्ही दात चहूबाजूंनी घासावे लागतात. लॅबमध्ये टोप्या तीन बनतात, म्हणून ३,५०० गुणिले ३. कागदावर गुणाकार लिहिलेला नसेल तर आकडा एका टोपीचा की पूर्ण ब्रिजचा, हे नक्की करून घ्यावं. सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच बघितलाय. आणि शेजारचे दात धडधाकट असतील, तर ते न घासता इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, किंवा काढता-घालता येणारा दात चालेल का, हेही विचारायलाच हवं.

खाली सफाईचे १,००० आणि दोन छोट्या एक्स-रेंचे ३०० होते. मी बेरीज केली तर १९,६०० आली. कागदावर मात्र २०,५०० लिहिलेले. नऊशेचा फरक. फोटो नीट पाहिला तेव्हा दिसलं की कागदाच्या कडेला मावशीचा अंगठा आलाय. कागद टेबलावर सपाट ठेवून परत फोटो काढायला लावला, तर अंगठ्याखालून एक ओळ निघाली: ४५, फिलिंग, ९००. ४६ ला लागून असलेल्या उपदाढेच्या फटीतली कीड.

हा अंदाज आहे, बिल नव्हे. ४६ उघडल्यावर मुळाला चीर सापडली तर आरसीटी रद्द होऊन दाढ काढावी लागेल आणि तिच्या तिन्ही ओळी बदलतील.

मावशीने प्रत्येक आकड्यापुढे मराठीत लिहून ठेवलं, 'उजवी खालची सहावी' असं. डॉक्टरांशी बोलून तिने आधी ४६, ४५ आणि सफाई करायचं ठरवलं. ब्रिज कापसाचे पैसे आल्यावर. डॉक्टर हो म्हणाले. मी तिला एवढंच म्हटलं की दिवाळीच्या पुढे ढकलू नकोस. ३६ ची जागा रिकामी राहिली की ३७ पुढे कलत जाते आणि वरची २६ हळूहळू त्या खड्ड्यात उतरते, मग ब्रिजला जागाच नीट उरत नाही. "२६ म्हणजे वरची डावी सहावी ना?" ती म्हणाली.