आवाजी शोध : चुकीची नोंद व दुरुस्ती

आवाजी शोध (व्हॉइस सर्च) : बोललेल्या प्रश्नाचे यंत्राने शब्दांत रूपांतर करून त्यावरून माहिती शोधण्याची पद्धत. या रूपांतरात एखादा शब्द बदलणे, गळणे किंवा भलताच घुसणे याला ओळख-चूक म्हणतात. प्रस्तुत नोंदीत इंदूरच्या मराठी बोलणाऱ्यांच्या वापरातले एक उदाहरण घेऊन ही चूक कशी होते व ती कशी सावरली जाते, याचा विचार केला आहे.

बोलणे ओळखणारे पहिले यंत्र कोणते, याबद्दल एकमत नाही. बेल प्रयोगशाळेचे ‘ऑड्री’ (१९५२) हे यंत्र बोललेले आकडे ओळखत असे आणि बहुतेक संकलने तिथूनच सुरुवात करतात. काही जण मात्र १९२० च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या ‘रेडिओ रेक्स’ या खेळण्यातल्या कुत्र्यापर्यंत मागे जातात. हाक मारली की तो घरातून बाहेर उडी मारी. पण तो ‘रेक्स’ या नावातील स्वराच्या सुमारे ५०० हर्ट्झच्या ऊर्जेला प्रतिसाद देत असल्याने तशी ऊर्जा असलेला कुठलाही शब्द त्याला चाले. शब्दाशब्दांत भेद करणे ही कसोटी धरली, तर ऑड्रीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. चुकीचे ऐकण्याचा पहिला नमुना म्हणून रेक्सला स्थान द्यायला हरकत नाही. मोबाइलवर बोलून शोधण्याची गूगलची सोय २००८ च्या अखेरीस आली. गूगलने मराठीसह आणखी काही भारतीय भाषांतील बोलणे ओळखण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केली.

चूक कुठे होते : समजा, राजवाड्यापाशी रहदारीत उभे राहून कोणी विचारले, ‘राजवाड्यावरून खजरान्याला कसं जायचं?’ खजराना हा इंदूरचाच भाग. तिथले गणपतीचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले मानले जाते. फोनची भाषा हिंदी ठेवलेली असेल, तर पडद्यावर ‘राजवाड़ा वरुण खजाने ला’ असे काहीसे उमटू शकते. ‘वरून’ हे शब्दयोगी अव्यय हिंदी शब्दसाठ्यात नसल्याने तिथे वरुण नावाचा इसम येऊन बसतो. हा भाग सेटिंग बदलून सुटतो. भाषा मराठी केल्यावरही ‘राजवाड्यावरून खजिन्याला कसं जायचं’ असे उमटते, ते मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे.

यंत्र आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे करते आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा घेते. बोलण्याच्या ओघात ‘र’ म्हणताना जीभ टाळूला जेमतेम २०-३० मिलिसेकंद स्पर्श करते, म्हणजे तो दोन-तीन तुकड्यांतच संपतो. त्याच क्षणी रिक्षाचा हॉर्न वाजला, तर ‘जरा’ आणि ‘जि’ यांच्यातला भेद बराचसा पुसला जातो. मग निर्णय भाषेच्या अंदाजावर येतो. यंत्र प्रत्येक पर्यायाला दोन गुण देते : आवाज त्या शब्दाशी किती जुळतो आणि तो शब्द त्या ठिकाणी येण्याची शक्यता किती. उदाहरणादाखल आकडे घेऊ. ‘खजरान्याला’ला आवाजाचे –४१ व भाषेचे –१४, एकूण –५५. ‘खजिन्याला’ला आवाजाचे –४४ व भाषेचे –७, एकूण –५१. शून्याच्या जवळचा आकडा जिंकतो, म्हणजे कान ‘खजराना’ म्हणत असूनही ‘खजिना’ निवडला जातो. त्यात मराठीचा सामान्यरूपाचा घोळ आहे. शिकवलेल्या मजकुरात ‘खजराना’ आलाही असेल, पण ‘खजरान्याला’ क्वचितच.

चार शब्दांपैकी एक बदलला, म्हणून शब्दचूक-दर २५ टक्के. ‘जायचं’ऐवजी ‘जायचंय’ उमटले असते तरी दर तोच राहिला असता, शोधाचे मात्र काहीच बिघडले नसते. शोधाच्या दृष्टीने हे मोजमाप म्हणूनच अपुरे आहे. १९९७ ते २००० या काळात ‘ट्रेक’ या स्पर्धात्मक चाचण्यांत ध्वनिमुद्रित बातम्यांचा शोध तपासला गेला, तेव्हा यंत्राने केलेल्या नोंदीत बऱ्याच चुका असूनही शोध फारसा ढासळला नाही, असे दिसले. बातमीत महत्त्वाचा शब्द अनेकदा येतो. एकदा हुकला तरी पुढे सापडतो. बोललेल्या प्रश्नात तो एकदाच येतो. त्यामुळे त्या चाचण्यांवरून ‘चुका फारशा बाधत नाहीत’ असा जो निष्कर्ष कधीकधी काढला जातो, तो प्रश्नांना लावणे धाडसाचे आहे.

दुरुस्ती : सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे पहिल्या पर्यायावर न थांबता पुढचे काही पर्याय हातात ठेवणे. ‘खजरान्याला’ दुसऱ्या क्रमांकावर असतोच. फोन इंदुरात आहे हे माहीत असल्यास शहरातल्या स्थळनामांना काही गुण वाढवून दिले जातात. वरच्या उदाहरणात ६ गुण दिले की बेरीज –४९ होते आणि खरा शब्द वर येतो. हा बोनस बेताने द्यावा लागतो. तो २० केला, तर कुणी खरोखरच जुन्या खजिन्याबद्दल विचारले तरी नकाशा खजरान्याचाच उघडेल. दुसरी तपासणी शोध-सूचीकडून होते : ‘कसं जायचं’ या शब्दांआधी ठिकाण हवे आणि खजिना नावाचे ठिकाण जवळपास नसेल, तर तो पर्याय मागे टाकता येतो.

सूचीशी जुळवताना प्रत्यय सोडवावा लागतो. ‘ला’ काढल्यावर ‘खजरान्या’ उरते. त्याचे ‘खजराना’ करणारा नियम नसेल, तर योग्य ऐकूनही शोध रिकामा परत येतो. अशा वेळी दोष ऐकण्याचा नसतो. पडद्यावरचे वाक्य बरोबर आहे का, एवढे पाहिले की हा फरक कळतो. लेखनभेदांसाठी, सारख्या उच्चारांना एकच खूण देणारे ध्वनिसंकेत वापरतात. त्यांचा पूर्वज ‘साउंडेक्स’ असून त्याचे पेटंट १९१८ चे आहे. देवनागरीत ण-न, ळ-ल एकत्र धरले की ‘खजराणा’ व ‘खजराना’ एकाच खणात पडतात, आणि टिळकनगर-तिलकनगर जुळवायला ट-त यांचीही सांगड घालावी लागते. पण मग ‘काळ’ आणि ‘काल’ही एक होतात. म्हणून ही सूट केवळ नावांपुरती ठेवणे बरे, सरसकट नको.

वापरणाऱ्याकडूनही दुरुस्ती होते. चुकल्यावर माणूस तोच शब्द मोठ्याने, तोडून तोडून म्हणतो : ‘ख-ज-रान्या-ला’. ओघातल्या बोलण्यावर शिकलेल्या यंत्राला यात मध्येच थांबे व लांबलेले स्वर मिळतात आणि चूक उलट वाढू शकते. नेहमीच्या ओघात ‘खजराना गणपती मंदिर’ म्हणणे अधिक फलदायी, कारण ‘गणपती मंदिर’ या शब्दांनी भाषेचा अंदाजच बदलतो. थोड्या वेळात आलेला असा दुसरा प्रश्न ही पहिल्याची दुरुस्ती आहे, हे यंत्रणा ओळखते आणि पुढच्या शिकवणीत वापरू शकते. पडदा नसलेल्या स्पीकरवर दोन पर्यायांचे गुण फार जवळ आले, तर ‘खजराना म्हणायचंय का?’ असे विचारून घेतात. दर वेळी विचारले तर लोक वैतागतात, म्हणून किती जवळ आल्यावर विचारायचे हा आकडा अनुभवाने ठरवतात.

अलीकडे बोलण्याचे शब्द न करताच आवाजावरून थेट उत्तरापर्यंत जाणाऱ्या पद्धती पुढे आल्या आहेत. गूगलने २०२५ मध्ये अशी एक मांडली. एका चुकीच्या शब्दाने सगळा शोध भरकटण्याचा धोका त्यात कमी होतो. मात्र मधली नोंद काढून टाकली, तर यंत्राने काय ऐकले हे दिसत नाही, आणि उत्तर चुकीचे आल्यास नेमका कोणता शब्द बदलून म्हणावा हे वापरणाऱ्याला कळत नाही.