हेडफोनचा बँड तडकलाय? ग्लू लावायच्या आधी हे वाचा

ओव्हर-इअर हेडफोन बहुतेक वेळा डोक्यावरच्या मधल्या भागात तुटत नाही, तर इअरकप जिथे दुमडतो त्या हिंजपाशी तुटतो. तिथलं प्लास्टिक पातळ असतं, त्यातच पिनचं भोक, स्क्रूची जागा आणि दुसऱ्या कानाकडे जाणारी वायर, आणि घालताना आपण दोन्ही बाजू फाकवतो तेव्हा पट्टीची आतली बाजू ताणली जाते. म्हणून चीर आधी आतून सुरू होते, बाहेरून दिसेपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. हळूच फाकवून बघा, चीर उघडते का ते कळेल. फाकवल्यावर एका बाजूचा आवाज जात-येत असेल तर वायरपण गेलीय, आता जास्त हलवू नका.

आता सुपरग्लूचं. हा ग्लू सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, वाकत नाही, आणि हिंजवर ताण तर हेडफोन डोक्यावर असेपर्यंत चालूच असतो, त्यामुळे जोड थोडे दिवस धरतो मग सुटतो. त्याहून वाईट म्हणजे तो पातळ असल्यामुळे आत ओघळतो. आमच्याकडे असाच एक पीस आला होता, डाव्या हिंजला छोटी चीर होती, घरी ग्लू टाकला, तो पिनपर्यंत गेला, हिंज जाम झाला, आणि पुढच्या वेळी उघडताना जोर लावला तर चीर नाही, अख्खं भोकच फुटलं. चिरेचं काम साधं होतं, ते नवीन पार्टवर गेलं.

आम्ही काय करतो तर कप उघडून वायर बाजूला घेतो, चिरेच्या टोकाला साधारण १ मिमीचं भोक पाडतो म्हणजे ती पुढे सरकत नाही, जागा पॉलिश पेपरने खरखरीत करून अल्कोहोलने पुसतो, मग आतून स्टीलची पातळ पट्टी ठेवून दोन ट्यूबवाला इपॉक्सी भरतो. ताण पट्टीने घ्यायचा, इपॉक्सीने फक्त तिला जागेवर धरायचं. पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात, म्हणून "तासाभरात देता का" विचारू नका प्लीज. जोड थोडा जाड दिसणार, आणि काही मॉडेलमध्ये ती बाजू नंतर दुमडता येत नाही, ते आधीच सांगतो.

पिनचं भोक फुटलं असेल, किंवा हिंज गुळगुळीत मेणचट प्लास्टिकचा असेल ज्यावर कुठलाच ग्लू नीट धरत नाही, तर आम्ही चिकटवत नाही, पार्ट मिळाला तर बदलतो. दोन्ही बाजू तडकल्यात, बॅटरीपण दमलीय आणि खर्च नव्या सेटच्या निम्म्यावर जातोय, तर सरळ नवीनच घ्या, आमचं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

येताना तुटलेले तुकडे, पिन, स्क्रू सगळं पिशवीत आणा, आणि तोवर टेप लावायचीच असेल तर साधी कागदी लावा, सेलोटेपचा चिकटा काढण्यातच आमचा वेळ जातो.