इंट्राडे आणि फ्युचर्सची उलाढाल: फरकांची बेरीज कुठून आली?

शेअर बाजारात दिवसभर खरेदी-विक्री करणाऱ्याला विवरणपत्र भरताना पहिला प्रश्न पडतो तो उलाढालीचा. ब्रोकरच्या अहवालात विक्रीची रक्कम कोट्यवधींची दिसते आणि ऑडिट लागणार अशी धास्ती बसते. वास्तविक ऑडिटची मर्यादा त्या आकड्यावरून ठरत नाही, आणि त्यामागे जुना इतिहास आहे. (पुढचे कलम क्रमांक प्राप्तिकर कायदा 1961 मधले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत.)

कलम 43(5) नुसार मालाची किंवा शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी न होता फक्त भावातला फरक चुकता होत असेल, तर तो सट्टा व्यवहार. इंट्राडे यात सरळ बसतो. जून 2000 मध्ये इंडेक्स फ्युचर्स सुरू झाले. त्यांतही डिलिव्हरी नसल्यामुळे तेही सट्ट्यातच मोडतात का, हा वाद सुरू झाला. तो 2005 च्या वित्त कायद्याने मिटवला: मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे डेरिव्हेटिव्ह व्यवहार करनिर्धारण वर्ष 2006-07 पासून सट्ट्याच्या व्याख्येतून वगळले गेले. त्याच कायद्याने सट्ट्याचा तोटा पुढे ओढण्याची मुदत 8 वर्षांवरून 4 वर आणली. म्हणून एकाच स्क्रीनवर केलेल्या दोन व्यवहारांचे आज दोन हिशेब होतात. इंट्राडेचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होतो. फ्युचर्सचा तोटा मात्र त्याच वर्षी पगार सोडून बहुतेक उत्पन्नातून वजा करता येतो आणि उरलेला 8 वर्षे पुढे नेता येतो.

ऑडिटचे कलम 44एबी 1984 च्या वित्त कायद्याने आले, तेव्हा व्यवसायाची मर्यादा 40 लाख रुपये होती. पण ज्या व्यवहारात मालच हातात येत नाही, त्याची ‘विक्री’ किती धरायची हे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही. ती पोकळी सनदी लेखापालांच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या, मार्गदर्शक टिपणाने भरली: प्रत्येक व्यवहारातला नफ्याचा आणि तोट्याचा फरक, उणे-अधिक चिन्ह न पाहता, बेरजेला घ्यायचा. हे टिपण म्हणजे कायदा नव्हे, पण प्रत्यक्षात हिशेब त्यावरच चालतो.

एक उदाहरण करून पाहू. एका ट्रेडरने इंट्राडेत 500 शेअर 640 ला घेऊन 646 ला विकले, म्हणजे 3,000 रुपये नफा. दुसरे 300 शेअर 1,210 ला घेऊन 1,195 ला विकले, 4,500 तोटा. मग निफ्टी फ्युचर्सचा 75 चा एक लॉट 22,500 ला घेऊन 22,620 ला विकला, 9,000 नफा. पुढचा लॉट 22,400 ला विकून 22,580 ला परत घेतला, 13,500 तोटा.

इंट्राडेची उलाढाल 7,500 आणि तोटा 1,500. फ्युचर्सची उलाढाल 22,500 आणि तोटा 4,500. एकूण उलाढाल 30,000 रुपये. आता याच चार व्यवहारांत विक्रीची पूर्ण किंमत धरली तर आकडा 40,58,000 होतो, म्हणजे 1984 ची मर्यादा चार सौद्यांतच ओलांडली असती. फरकाची पद्धत का लागली, हे इथे दिसते.

ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी आणि एसटीटी हे खर्च उत्पन्नातून वजा होतात, उलाढालीतून नाही. चूक होते ती वेगळीकडे: बरेच जण वर्षाचा निव्वळ नफा-तोटा हीच उलाढाल समजतात. वरच्या उदाहरणात असे केल्यास 30,000 ऐवजी 6,000 येतील. आपला आकडा निव्वळ तोट्याइतकाच निघाला आणि वर्षात नफ्याचे सौदेही झाले असतील, तर चिन्हासकट बेरीज झाली आहे असे खुशाल समजावे.

मर्यादा मात्र हलत राहिली: 2010 मध्ये 60 लाख, 2012 मध्ये 1 कोटी. 2020 मध्ये, रोखीच्या जमा आणि रोखीची देणी प्रत्येकी 5 टक्क्यांच्या आत असतील तर, 5 कोटी, आणि 2021 मध्ये त्याच अटीवर 10 कोटी. ट्रेडिंगचे पैसे बँकेतूनच फिरतात, म्हणून निव्वळ ट्रेडरला 10 कोटींची मर्यादा मिळते. ज्याचे रोखीत चालणारे दुकानही आहे, त्याने सावध राहावे. उलाढाल सगळ्या व्यवसायांची मिळून धरली जाते आणि 5 टक्क्यांची कसोटीही एकत्रच लागते. दुकानाची रोख जास्त असेल तर मर्यादा पुन्हा 1 कोटीवर येते.

शिवाय आधीच्या वर्षी कलम 44एडीची अंदाजित उत्पन्नाची योजना घेऊन पाच वर्षांच्या आत ती सोडली, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असले, तर उलाढाल कितीही लहान असली तरी ऑडिट लागू शकते. म्हणून फरकांची बेरीज करण्याआधी मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रे काढून कोणत्या वर्षी 44एडी निवडले होते ते पाहून घ्यावे.