पीडीएफमध्ये दिसते ‘कविता’, ऐकू येते ‘किवता’

पुस्तकाची पीडीएफ दिली की अंध वाचकाचे काम झाले, असा समज प्रकाशकांमध्ये सर्रास आढळतो. पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर पानाचे चित्र पाहत नाही. फाइलमध्ये अक्षरांचे जे संकेतांक साठवलेले असतात, तेच तो बोलतो किंवा ब्रेल पट्टीवर उमटवतो.

आता ‘कविता’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात: क, व, ि, त, ा. ऱ्हस्व इकार ‘व’च्या आधी दिसतो, तरी साठवला जातो ‘व’नंतर. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मात्र तो दिसतो तसाच, म्हणजे ‘व’च्या आधी टाइप होतो. शिवाय तिथे प्रत्येक चिन्ह इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते, त्यामुळे स्क्रीन रीडर थेट निरर्थक रोमन अक्षरे वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरने नुसते संकेतांक बदलले आणि क्रम तसाच ठेवला, तर ‘कविता’ची ‘किवता’ होते आणि ‘दिवस’चा ‘िदवस’. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, म्हणून ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. खरी कसोटी जोडाक्षरांची: ‘स्थिती’मधला इकार ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षराच्या पुढे सरकवावा लागतो. एकच अक्षर ओलांडून थांबला, तर ‘स्िथती’ उरते.

मूळ टाइपसेटिंग युनिकोडमध्ये असले तरी निर्धास्त राहू नका. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना हाच घोळ पुन्हा होऊ शकतो. म्हणून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनवायची ती मूळ टाइपसेटिंगच्या फाइलवरून. त्या फाइलमधून काढलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडा आणि हे शोधा:

```
(^|[\s‘“'"(])ि
र्([\s.,;:!?’”'")]|$)
```

पहिल्या ओळीने शब्दाच्या सुरुवातीला सुटा पडलेला इकार सापडतो, दुसरीने शब्दाच्या शेवटी लटकलेला रफार. ‘किवता’ मात्र दोन्हींतून निसटते, कारण तिथला इकार ‘क’ला रीतसर चिकटलेला असतो. त्यासाठी शब्दतपासक लावावा आणि निदान एक प्रकरण स्क्रीन रीडरवर पूर्ण ऐकावे. EPUBCheck हे साधन ईपब फाइलची रचना तपासते, शुद्धलेखन नाही; ‘किवता’ने भरलेले पुस्तकही तिथे बिनचूक ठरते. ‘एका क्लिकमध्ये सुगम्य पुस्तक’ अशा जाहिरातींवर विसंबू नये, ते याचसाठी.

मजकूर शुद्ध झाला की बाकीचे काम सोपे. प्रकरणांची नावे नुसती ठळक न करता खऱ्या शीर्षक-स्टाइलमध्ये ठेवा, म्हणजे वाचक एका कळीने पुढच्या प्रकरणावर जातो. `lang="mr"` लिहा, नाहीतर मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकू येऊ शकतो. चित्राचे वर्णन लेखकाकडून घ्या. Ace by DAISY हे मोफत साधन वर्णन राहून गेल्याचे दाखवते, पण ‘चित्र 3’ एवढेच लिहिले असेल तर तेही चालवून घेते. छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमही ईपबमध्ये खुणेसारखे टाका. वर्गात ‘पान 47 काढा’ म्हटल्यावर ब्रेल पट्टीवर वाचणाऱ्या मुलीलाही त्याच पानावर पोचता आले पाहिजे.